वास लावायचा, पण कापडावर आणि केसांवर डाग न पाडता

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं, थोडं नीट करून)



आज आधी माझी चूक सांगते. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या लग्नाला आईची पैठणी नेसले. निघता निघता खांद्यावरच्या पदरावर बॉडी स्प्रे मारला. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. पुढच्या दिवाळीत आईने घडी उघडली, तर तिथे तांबूस ठिपके, आणि जर तेवढ्यापुरती काळवंडलेली. आई काही बोलली नाही. आमच्या घरात ती एकच पैठणी. सगळ्यांच्या लग्नाला तीच फिरते.

असं का झालं? स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते उडून जातं. वासाचं तेल मात्र मागे राहतं. आज ते दिसत नाही, पण कपाटात पडून पडून पिवळं-तांबूस होतं. रेशमाचा कच्चा रंग अल्कोहोलने फुटतो, तो वेगळाच.

ओळखायची सोपी युक्ती आहे. अत्तराचा किंवा स्प्रेचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि पूर्ण वाळू द्या. भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहिला, तर त्यात तेल आहे. ते साडीवर टाकायचं नाही. वाळल्यावर डाग दिसला नाही, तरी रेशमापासून लांबच ठेवा. अत्तर लावायचंच तर मनगटाला लावा, वाळू द्या, मग साडी नेसा.

कपाटासाठी पुरचुंडी

वास साडीला लावायचा नाही, साडीच्या शेजारी ठेवायचा. चार चमचे कापलेला वाळा, दोन चमचे कपूरकाचरी आणि एक चमचा नागरमोथा घ्या. सगळं जाडसर कुटा, पूड करू नका. पूड कापडातून गळते. दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवा, कारण ओल राहिली तर पुरचुंडीलाच बुरशी लागेल. जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात बांधा. साडी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि पुरचुंडी त्याच्या बाहेर, कोपऱ्यात ठेवा. जरीला टेकू देऊ नका. वास कमी झाला की हाताने चुरगळा, परत येतो. तरीही आला नाही तर आतला माल बदला.

एक जपा. डांबरगोळी आणि कापूर एकाच कपाटात नको. दोन्ही एकत्र आले की उन्हाळ्यात पाझरतात आणि डाग पडतात.

केसांसाठी

केसांवर मारायच्या सुगंधी स्प्रेमध्येही बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. बाटलीवर वाचून बघा. सणासुदीला एखाद वेळ चालेल, पण रोज मारलं तर केस कोरडे, राठ होतात. थेट डोक्यावर न मारता कंगव्यावर मारा, क्षणभर थांबा, मग केसांच्या टोकांकडून फिरवा. चुलीजवळ, दिव्याजवळ अजिबात नाही. अल्कोहोल पेट घेतं.

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, पाण्यात अत्तराचे थेंब टाकून घरी स्प्रे करू का? नका करू. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. मग कधी नुसतं पाणी येतं, तर कधी नुसतं तेल टाळूवर पडतं आणि आग होते. त्यापेक्षा साधं गुलाबजल बरं. तेही हलकंच मारा, आणि केस वाळल्याशिवाय अंबाडा बांधू नका. ओल्या अंबाड्याला कुबट वास येतो.

धुण्यासाठी

बाजारातलं वासाचं कंडिशनर थेट कपड्यावर ओतलं की तेलकट चट्टा पडतो. साबण पूर्ण निघाल्यावर शेवटच्या पाण्यात आधी ते ढवळायचं, माप पाकिटावर दिलंय तेवढंच, आणि मग कपडे बुडवायचे. मशीनमध्ये टाकायचे सुगंधी दाणे असतील तर ते रिकाम्या ड्रममध्ये आधी, कपडे नंतर. त्यांनी मळ निघत नाही, फक्त वास येतो.

टॉवेल, बाळाची दुपटी आणि पाळीची कापडं यांना मात्र कंडिशनर नको. त्याचा गुळगुळीत थर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही. वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकून बघा. मोत्यासारखा उभा राहिला, तर थर बसलाय. गरम पाण्यात नुसत्या साबणाने दोन-तीनदा धुतलं की उतरतो. पाळीच्या कापडाला वासाची गरजच नाही. ते स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवायचं. त्याचा वासाने झाकलेला मळ अंगाला बाधतो.

आईच्या पैठणीवरचे ठिपके काही गेले नाहीत. आता तिच्या कपाटात वाळ्याची पुरचुंडी आहे, आणि मी स्प्रे साडी नेसायच्या आधी मारते. पुढच्या बैठकीला येताना तुमचं अत्तर आणि एक पांढरा कागद आणा. थेंब टाकून सगळ्या मिळून बघू.