मागे पडलेले दोन आठवडे
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



दहावीची एक विद्यार्थिनी दोन आठवड्यांच्या आजारातून उठते, तेव्हा परीक्षेला सहा आठवडे उरलेले असतात. घरच्या अभ्यासाचे तिचे रोजचे चार तास धरले तर छप्पन्न तास बुडाले. ते पुढील दोन आठवड्यांत भरून काढायचे म्हणजे शाळा सांभाळून रोज आठ तास अभ्यास. हा वेळ झोपेतूनच काढावा लागतो. वाचलेले स्मरणात स्थिरावते ते झोपेत. म्हणून जागरणाने पाने उलटतात, पण सकाळी सोपी उदाहरणेही चुकतात.

मुळात बुडालेले तास मोजणे हीच चूक आहे. मोजायचे ते न येणारे पाठ. त्या पंधरवड्यासाठी नेमलेल्या आठ पाठांची यादी करून, प्रत्येकी अर्धा तास, पुस्तक मिटून तिने दोन-तीन प्रश्न सोडवावेत. एका दिवसात ही चाचणी पुरी होते. समजा, तीन पाठ तिला येतात, दोन अर्धवट येतात आणि तीन मुळीच येत नाहीत. अर्धवट पाठाला तीन आणि कोऱ्या पाठाला सहा तास धरले, तर खरी थकबाकी चोवीस तासांची ठरते.

आता रोजच्या चार तासांपैकी एक तास थकबाकीला द्यावा. आठवड्याचे सहा दिवस, असे चार आठवडे चालले की चोवीस तास पुरे होतात आणि शेवटचे दोन आठवडे प्रश्नपत्रिका सोडविण्यास मोकळे राहतात. हा एक तास नेहमीच्या अभ्यासातून मिळवायचा असल्याने उत्तरे सुबक अक्षरात उतरवणे, आलेलेच पुन्हा वाचणे ही कामे वगळावीत.

पाठांचा क्रमही महत्त्वाचा आहे. श्रेढीची बेरीज देऊन पदांची संख्या विचारली की वर्गसमीकरण सोडवावे लागते. म्हणून वर्गसमीकरणे आधी घ्यावीत. समरूपता कळल्यावाचून त्रिकोणमितीचा पाया पक्का होत नाही. संभाव्यतेवर मात्र दुसरा पाठ अवलंबून नाही. ती शेवटी घेतली तरी चालते.

रविवारचे दोन तास मुद्दाम कोरे ठेवावेत. आठवड्यात सहाऐवजी चारच तास झाले असतील, तर तूट तेथे भरून निघते. सलग दोन रविवारी तूट उरली, तर अंदाज चुकला असे समजून अवघड पाठातील एखादा भाग सोडावा. झोप सोडू नये. परीक्षा आठवड्यावर आली असेल, तर मात्र ही पद्धत पुरणार नाही. तेव्हा कोरे पाठ बाजूला ठेवून अर्धवट पाठच पक्के करावेत.

शिक्षकांनी पहिल्या दिवशीची चाचणी स्वतः तपासून द्यावी. कोणता पाठ खरोखर येतो, हे भेदरलेल्या मुलीला एकटीने ठरविता येत नाही.