विधान कसाला लावताना

इंग्रजी साहित्यावरच्या निबंधाला मध्यवर्ती विधान लागतं. ‘मॅकबेथ हे महत्त्वाकांक्षेचं नाटक आहे’ हे तसं विधान नव्हे. त्याला कुणी नाही म्हणणारच नाही. विधान असं हवं, की कुणाला तरी ते खोडावंसं वाटेल. उदाहरणार्थ, ‘राजाच्या खुनाला चेटकिणी नव्हे, मॅकबेथ स्वतः जबाबदार आहे.’ याला पुरावा आहे. चेटकिणी राजपदाचं भाकीत करतात, खुनाचं नावही काढत नाहीत. बँकोही भाकीत ऐकतो, पण तो शस्त्र उचलत नाही.

आता विरोधकाच्या बाजूनं उभे राहा. तो म्हणेल, मॅकबेथनं तर माघार घेतली होती, बायकोनं त्याला पुन्हा उभं केलं. हा आक्षेप खरा आहे, तो लपवू नका. तिसरा अंक उघडा. बँकोच्या खुनाचा बेत मॅकबेथ बायकोपासून लपवून रचतो. म्हणजे विधान टिकतं, पण बदलून: ‘पहिल्या खुनाला बायकोचा रेटा लागतो, बँकोच्या खुनाला कुणाचाच लागत नाही, आणि तिथंच मॅकबेथची जबाबदारी सिद्ध होते.’ आक्षेपानंच विधान नेमकं केलं. म्हणून श्रोतेहो, निबंध लिहायला घेण्याआधी सर्वांत जड आक्षेप स्वतःच कागदावर मांडा.