चार परजीवी, एक तक्ता

(अकलोली येथे आरोग्यसेविकेचा अभ्यास करणाऱ्या मुली आणि त्यांच्या शिक्षणाला हातभार लावणारे मंडळीचे सभासद यांच्यापुढे केलेले भाषण)



परजीवींचे प्रकरण पाठ करायला बसले की सगळे एकात एक मिसळते आणि हिवतापाचे उत्तर हत्तीपायाच्या प्रश्नाला लिहिले जाते. म्हणून आज चारच परजीवी घेऊन त्यांचा एक तक्ता करू. पुस्तकातली वाक्ये उचलून रकान्यांत भरू नका. प्रत्येक परजीवीला दोन प्रश्न विचारा. तो माणसाच्या शरीरात कोणत्या दाराने येतो? आणि कोणत्या दाराने, कोणत्या रूपात बाहेर पडतो? आत येण्याचे दार कळले की आळा कसा घालायचा ते कळते. बाहेर पडण्याचे रूप कळले की तपासणीत काय शोधायचे ते कळते.

अंकुशकृमी घेऊ. त्याची अंडी शौचावाटे ओलसर, सावलीच्या मातीत पडतात. एक-दोन दिवसांत त्यांतून अळी निघते आणि साधारण 5 ते 10 दिवसांत ती माणसाला बाधण्याजोगी होते. अनवाणी पायाच्या कातडीतून ती आत शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, घशाशी येऊन गिळली जाते आणि लहान आतड्यात मोठी होऊन तिथे रक्त पिते. बाई पांढरी पडते, चढ चढताना धापा टाकते, ती यामुळे.

आता तपासणीच्या रकान्यात काय लिहाल? बऱ्याच मुली ‘अळी’ लिहितात, कारण पुस्तकात पायात शिरणाऱ्या अळीचे चित्र मोठे असते. पण ती अळी मातीत असते. रुग्णाच्या ताज्या शौचात दिसते ते अंडे. नमुना उन्हाळ्यात एक-दोन दिवस तसाच राहिला तर अंडी डबीतच फुटतात, अळ्या दिसतात आणि दुसऱ्याच कृमीचे नाव कागदावर येते. म्हणून नमुना त्याच दिवशी तपासायचा.

गोल जंताचेही अंडेच शौचात सापडते, पण तो आत येतो तोंडावाटे. मातीत काही आठवडे राहून तयार झालेले अंडे न धुतलेल्या भाजीतून किंवा हातातून पोटात जाते. तेव्हा चप्पल अंकुशकृमीला अडवते, गोल जंताला नाही. संडास मात्र दोघांनाही अडवतो. नुसती गोळी दिली आणि शौच उघड्यावरच राहिले, तर जंत पुन्हा होतात.

यजमानाच्या रकान्यात गोंधळ होतो तो डासांमुळे. नियम एवढाच की परजीवीच्या नर-मादीचे मीलन जिथे होते तो मुख्य यजमान, आणि बाकीची वाढ जिथे होते तो मध्यस्थ. हिवतापात हे मीलन डासाच्या पोटात होते, म्हणून डास मुख्य आणि माणूस मध्यस्थ. हत्तीपायात प्रौढ कृमी माणसाच्या रसवाहिन्यांत राहतात, म्हणून तिथे माणूस मुख्य आणि डास मध्यस्थ. एवढे समजले की ते दोन रकाने पाठ करावे लागत नाहीत.

| परजीवी | आत कसा येतो | मुख्य यजमान | मध्यस्थ | तपासणीत काय दिसते | आळा |
|---|---|---|---|---|---|
| अंकुशकृमी | अळी, पायाच्या कातडीतून | माणूस | नाही | शौचात अंडे | संडास, चप्पल, जंताची गोळी |
| गोल जंत | अंडे, तोंडावाटे | माणूस | नाही | शौचात अंडे | संडास, हात व भाजी धुणे, जंताची गोळी |
| हिवताप | अॅनॉफिलिस डास चावून | डास | माणूस | रक्तात, तांबड्या पेशींत परजीवी | साचलेले स्वच्छ पाणी काढणे, मच्छरदाणी, पूर्ण उपचार |
| हत्तीपाय | क्युलेक्स डास चावून | माणूस | डास | रात्रीच्या रक्तात सूक्ष्म अळ्या | घाण पाण्याची गटारे साफ, मच्छरदाणी, सामुदायिक औषध |

शेवटच्या ओळीतला ‘रात्रीच्या’ हा शब्द गाळू नका. या सूक्ष्म अळ्या साधारण रात्री 10 ते 2 च्या सुमारास बाहेरच्या रक्तात येतात आणि दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडतात. दुपारी घेतलेल्या थेंबात काही दिसले नाही, तर त्यावरून रोग नाही असे म्हणता येत नाही. आणि पाय पुष्कळ वर्षे सुजलेला असेल तर रात्रीच्या रक्तातही अळ्या बहुधा सापडत नाहीत. तक्त्यात हे मावत नाही, म्हणून तक्त्याखाली एका ओळीत लिहून ठेवा. परीक्षेत एखादा गुण मिळेल आणि पुढे पाड्यावर एखाद्या माणसाला ‘तुम्हाला काही नाही’ असे सांगून परत पाठवण्याची चूक टळेल.

तक्ता तयार झाला की तपासणीचा रकाना हाताने झाका आणि आधीच्या रकान्यांवरून तो पुन्हा सांगून पाहा. जिथे अडाल, तिथे त्या परजीवीचा प्रवास अजून नीट समजलेला नाही. पुस्तकातले तेवढेच पान पुन्हा वाचा.