विमानाची शेपटी खाली का दाबते?

(हीरक महोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



लष्कराच्या मध्य कमांडचे मुख्यालय असलेल्या लखनऊ छावनीच्या पश्चिमेला, शेजारच्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊजवळून आग्रा-लखनऊ द्रुतगती मार्ग जातो. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी त्या मार्गाच्या एका सरळ पट्ट्यावरची मोटारींची वाहतूक थांबविण्यात आली आणि हवाई दलाची विमाने रस्त्यावर उतरली. त्यांत सी-१३०जे हे मालवाहू विमान होते, जग्वार होते आणि सुखोई-३० एमकेआय होते. यांपैकी सुखोईची जोडणी नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात झालेली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाने या तिघांच्या शेपट्यांकडे नीट पाहिले असते, तर एकाच प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे त्याला दिसली असती. तो प्रश्न असा : विमानाचे नाक वर किंवा खाली न जाता आपल्या जागी राहते ते कशामुळे?

खांद्यावर आडवी काठी टाकून तिच्या एका टोकाला गाठोडे अडकविणारा वाटसरू दुसरे टोक हाताने खाली दाबून धरतो. गाठोडे वर धरायचे असताना हात मात्र खाली दाबतो, आणि खांद्यावर गाठोड्याचा भार व हाताचा दाब असे दोन्ही पडतात. बहुतेक विमानांचा तोल असाच साधलेला असतो. खांदा म्हणजे पंखांची उचल, गाठोडे म्हणजे विमानाचे वजन आणि दाबणारा हात म्हणजे शेपटी.

एक सोपे उदाहरण घ्यावे. लहान विमानाचे वजन १००० किलो आहे. त्याचा गुरुत्वमध्य पंखांच्या उचलीच्या मध्यापेक्षा पाव मीटर पुढे आहे, आणि शेपटी त्या मध्याच्या पाच मीटर मागे आहे. वजन नाक खाली ओढते; त्या ओढीचा जोर १००० गुणिले पाव, म्हणजे २५०. शेपटीला पाच मीटरांची लांब तरफ मिळालेली असल्याने ५० किलोंचा खाली दाब पुरेसा होतो, कारण ५० गुणिले पाच म्हणजेही २५०. तोल साधला, परंतु पंखांना आता १००० ऐवजी १०५० किलो उचलावे लागतात. तोलाची किंमत ५० किलो झाली.

मग गुरुत्वमध्य उचलीच्या मध्यावरच ठेवून ही किंमत का वाचवू नये? कारण तोल साधणे वेगळे आणि बिघडलेला तोल आपोआप सावरणे वेगळे. वाऱ्याच्या झोताने नाक वर झाले, की पंखांची उचल वाढते आणि त्याच वेळी शेपटीचा खाली दाब कमी होतो. शेपटी गुरुत्वमध्यापासून सव्वापाच मीटर दूर आहे, पंखांची उचल अवघी पाव मीटर. म्हणून शेपटीवरील एका किलोचा बदल पंखांवरील एकवीस किलोंना भारी ठरतो. शेपटी सैल पडताच नाक खाली येते आणि वैमानिकाने हात न लावता विमान पूर्वस्थितीला परतते. गुरुत्वमध्य जसजसा मागे सरकतो तसतसा हा सावरण्याचा गुण क्षीण होतो, आणि एका मर्यादेपलीकडे नाक वर गेले की ते आणखी वरच जाऊ लागते. याउलट गुरुत्वमध्य फार पुढे गेला, तर उतरताना मंद वेगात नाक उचलण्याइतका दाब शेपटीला देता येत नाही. या दोन मर्यादांमध्येच माल रचावा लागतो. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेजवळ असेल, तर काही विमानांत शेपटी किंचित वरही उचलते. शेपटीने नेहमी खालीच दाबावे असा नियम नाही.

आता रस्त्यावरच्या विमानांकडे वळावे. सी-१३०जेची शेपटी जुन्या धाटणीची आहे : पुढचा भाग स्थिर आणि त्याच्या मागे बिजागरीवर हलणारे एलिव्हेटर. वेग किंवा भार बदलला की दाब बदलावा लागतो. तासन्‌तास दांडा ओढून धरण्यापेक्षा वैमानिक ट्रिम लावतो, म्हणजे दांडा सोडला तरी एलिव्हेटर हव्या त्या कोनात राहील अशी व्यवस्था करतो. हात सोडल्यावर नाक आपल्या जागी राहिले तर ट्रिम बरोबर. अशा विमानाच्या मागच्या दारातून जड माल हवेत सोडला जातो, तेव्हा तो मागे सरकत असताना गुरुत्वमध्यही मागे जातो आणि नाक वर येऊ लागते. माल बाहेर पडताच तोल पुन्हा बदलतो. तेवढे क्षण वैमानिकाचा हात सावध असावा लागतो.

जग्वारच्या शेपटीत स्थिर भाग नाहीच. आडवा पंख संपूर्ण फिरतो. याला स्टॅबिलेटर म्हणतात. ध्वनीच्या वेगाजवळ जुन्या शेपटीवर आघात-तरंग उभे राहतात आणि त्यांच्यामागचे एलिव्हेटर जवळजवळ निकामी होते. शिवाय ध्वनीपेक्षा अधिक वेगात पंखांच्या उचलीचा मध्य मागे सरकतो, म्हणून खाली दाब बराच वाढवावा लागतो. १९४७ साली बेल एक्स-१ या विमानात शेपटीचा संपूर्ण आडवा पंख हलविण्याची सोय उपयोगी पडली, ती याच कारणाने. मात्र असा पंख हलका फिरतो. हाताला विरोध जाणवला नाही तर वैमानिक गरजेपेक्षा जास्त ओढेल, म्हणून तो विरोध मुद्दाम निर्माण करावा लागतो.

सुखोईला मागे असा फिरता पंख आहेच, पण मुख्य पंखांच्या पुढे आणखी दोन लहान पंख आहेत. त्यांना कॅनार्ड म्हणतात. ज्या विमानाला शेपटी नसून केवळ कॅनार्ड असतो, तेथे हिशेब बदलतो. १००० किलोंच्या विमानात गुरुत्वमध्याच्या चार मीटर पुढे कॅनार्ड आणि एक मीटर मागे पंख असतील, तर कॅनार्ड २०० आणि पंख ८०० किलो उचलतात. दोघेही वर उचलतात, वाया काहीच जात नाही. पण सावरण्याचा गुण हवा असेल, तर पुढच्या पंखावर त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने अधिक भार ठेवावा लागतो, म्हणजे कोन वाढल्यावर कॅनार्डची उचल आधी खचेल आणि नाक आपोआप खाली येईल. मागचा पंख आधी खचला तर नाक वर उसळेल आणि विमान सावरणे कठीण होईल. म्हणून मुख्य पंखाला त्याच्या पूर्ण ताकदीपर्यंत कधीच जाऊ दिले जात नाही, आणि उतरण्याचा वेग जास्त ठेवावा लागतो. शेपटीने मागितलेली किंमत कॅनार्ड दुसऱ्या हाताने घेतो.

सुखोईने आणखी निराळी वाट धरली. ध्वनीहून कमी वेगात ते मुळात आपोआप सावरणारे विमान नाही. संगणक क्षणोक्षणी पृष्ठभाग हलवून त्याला सावरतात. त्यामुळे शेपटीला सतत खाली दाबण्याचे बंधन राहत नाही. त्याच्या कॅनार्डमागून निघणारे भोवरे मोठ्या कोनातही मुख्य पंखावरचा प्रवाह टिकवून धरण्यास मदत करतात.

हे सारे घरी तपासता येते. कागदाच्या साध्या विमानाच्या नाकाला एक टाचणी लावून ते सोडावे; ते सरळ जमिनीकडे जाईल. मग पंखांच्या मागच्या कडा किंचित वर वळवाव्यात. आता हवा मागचा भाग खाली दाबेल, नाक वर येईल आणि विमान शांतपणे खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल. टाचणी काढून कडा तशाच ठेवल्या, तर ते वर उसळून खाली कोसळेल.