इंजिन किती सी.सी.चे?

मंडळी, विहिरीवरचे जुने इंजिन विकायला निघाले, की मालक सांगतो, "साडेसहाशे सी.सी.चे आहे." खरे की खोटे, आपण मोजूनच पाहू.

सिलिंडर म्हणजे गोल नळकांडे. त्यात दट्ट्या खालीवर होतो. मिस्त्रीकडून वरचे हेड उतरवून घेऊ आणि नळकांड्याचे तोंड आतून आरपार मोजू. ते भरले ८ सेंटिमीटर. मग चाक हाताने फिरवू. दट्ट्या अगदी वरून अगदी खाली गेला, तो ११ सेंटिमीटर. नळकांड्याची सगळी उंची धरायची नाही हो, चूक होते ती इथेच! दट्ट्याची धाव तेवढी धरायची.

आता आठ आठे ६४. त्याला ११ ने गुणले, ७०४. ही झाली चौकोनी डब्यातली जागा. आपले नळकांडे तर गोल, त्याला कोपरे नाहीत. डब्याचे १४ भाग केले, तर गोलात सुमारे ११ येतात. म्हणून ७०४ ला ११ ने गुणू, १४ ने भागू. आले ५५३ घन सेंटिमीटर. यालाच सी.सी. म्हणतात. अशी दोन सिलिंडरे असती, तर दुप्पट, ११०६.

मालक म्हणेल, "सिलिंडर झिजले होते, बोअर करून घेतले." पण तोंड १ मिलिमीटरने रुंद झाले, तरी १४ सी.सी.च वाढतात. साडेसहाशे काही होत नाहीत.