जंगलाचे दावेदार

(चंद्रपूर-गडचिरोली भागातील वनहक्क कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांना कादंबरी वाचा म्हणून सांगणे थोडे धाडसाचेच असते. ज्यांच्या पिशवीत सातबाऱ्याच्या नकला, निस्तारपत्रक आणि ग्रामसभेचे ठराव भरलेले असतात, त्यांना कल्पित गोष्टीसाठी सवड काढा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? तरीही आज एका कादंबरीची शिफारस करायची आहे, आणि तिचा शेवट न सांगता करायची आहे. ही दुसरी अट वाटते तितकी सोपी नाही, कारण या कादंबरीतला नायक पहिल्याच पानांत मरतो.

कादंबरी महाश्वेता देवींची आहे. मूळ बंगाली नाव ‘अरण्येर अधिकार’. पुस्तकरूपाने ती १९७७ साली आली आणि १९७९ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिंदीत ती ‘जंगल के दावेदार’ या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या भागात हिंदी वाचणाऱ्याला अडचण येत नाही. तेव्हा भाषेची सबब चालणार नाही.

गडचिरोलीच्या अरण्याला स्वतःची कादंबरी नाही असे मुळीच नव्हे. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ अनेक कार्यकर्त्यांच्या घरी सापडते. हेमलकशाला राहून माडियांचे जीवन जवळून पाहिलेल्या माणसाने ती लिहिली आहे. तिच्या नावातच माणूस कोठे पोहोचणार ते सांगितलेले आहे, आणि ज्यांनी ती वाचली आहे त्यांना माहीत आहे की म्हणून ती हातातून सुटत नाही. शेवट आधीच ठाऊक असला की वाचकाचे लक्ष ‘पुढे काय’ वरून ‘हे असे का’ कडे वळते. महाश्वेता देवींनी हीच वाट अधिक धिटाईने चोखाळली आहे.

९ जून १९००. रांचीचा तुरुंग. बिरसा मुंडा नावाचा पंचवीस वर्षांचा कैदी कोठडीत मरतो. सरकारी कागदावर कारण लिहिले जाते : कॉलरा. कादंबरी येथे सुरू होते. खटला अजून उभा राहायचा आहे, शेकडो मुंडा साखळदंडांत कोठड्यांतून बसलेले आहेत, आणि ज्याला ते भगवान म्हणत होते त्याचे प्रेत तुरुंगाच्या ताब्यात आहे. भगवान कॉलऱ्याने कसा मरतो? हा प्रश्न जितका कैद्यांना पडतो, तितकाच तो तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनाही अस्वस्थ करतो. भक्तांचा भगवान मेला एवढे दाखवून काम संपेल अशी त्यांची अपेक्षा आहे. ती खरी ठरते की नाही, हे समजण्यासाठी लेखिका वाचकाला पंचवीस वर्षे मागे नेते.

मागे गेल्यावर प्रथम भेटतो तो बंडखोर नव्हे, तर भूक लागलेला एक मुलगा. मुंडांच्या घरी रोजचे अन्न म्हणजे घाटो, भरड धान्याची पातळ पेज. त्यातही मीठ असेल तो दिवस चांगला. भात हे स्वप्न आहे. भामरागड-एटापल्लीकडच्या जुन्या माणसांकडून ज्यांनी पसाभर मिठाच्या बदल्यात व्यापारी पायलीभर चारोळी उचलून नेत असल्याच्या हकिगती ऐकल्या आहेत, त्यांना या मिठाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. महाश्वेता देवी शोषणावर निबंध लिहीत नाहीत. त्या पेजेत मीठ आहे की नाही एवढेच पुन्हा पुन्हा विचारत राहतात, आणि जमीनदार, महाजन, ठेकेदार, जंगलखाते हे सारे त्या एका चिमटीतून वाचकासमोर उभे राहतात.

या भुकेतूनच कादंबरीतला सर्वांत विलक्षण प्रसंग येतो. त्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण पुस्तकाची सारी ताकद त्यात एकवटली आहे. मृताबरोबर थोडा ऐवज पुरण्याची मुंडांची रीत. तरुण बिरसा एका स्त्रीचे पुरलेले प्रेत उकरतो, तो ऐवज काढतो आणि त्यातून तांदूळ आणतो. घरात भात शिजावा, आईने एकदा पोटभर जेवावे, एवढाच हेतू. आई, करमी, उपाशी आहे. पण प्रेताच्या पैशाचा तांदूळ तिला सोसत नाही. मुलाने केले ते पाप आहे आणि भुकेने त्याला क्षमा मिळत नाही, असे तिचे मन सांगते. तो घर सोडून अरण्यात जातो, आणि तेथे त्याला अरण्याचे रडणे ऐकू येते. अरण्य एखाद्या विटंबित आईसारखे त्याच्याशी बोलते : मला अपवित्र केले आहे, मला शुद्ध कर.

एखादा सामान्य लेखक येथे घसरला असता. एक तर त्याने भुकेल्याच्या चोरीचे समर्थन केले असते, नाही तर दैवी साक्षात्काराचा देखावा मांडला असता. महाश्वेता देवी दोन्ही टाळतात. बिरसाला आवाज ऐकू आला हे त्या सांगतात. पण त्या आवाजाआधी उकरलेली थडगी आहे, आणि थडग्याआधी रिकामे मडके आहे, हे विसरू देत नाहीत. भगवान कसा जन्मतो याचे इतके प्रामाणिक वर्णन आपल्याकडच्या कादंबऱ्यांत क्वचितच सापडेल. आपली विवेकवादी मंडळी अशा प्रसंगी चटकन अंधश्रद्धेचा शिक्का मारतात. त्यांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावे.

कारण याच्या शेजारी लेखिकेने दुसरी एक वाट ठेवली आहे, आणि ती आपल्या परिचयाची आहे. बिरसाच्या आधी मुंडांच्या सरदारांनी कित्येक वर्षे जमिनीसाठी अर्ज-विनंत्यांची लढाई चालवली होती. मुंडांची मूळ व्यवस्था खुंटकट्टी : ज्या कुळाने जंगल तोडून गाव वसवले, ते त्या कुळाचे सामाईक. वरून जमीनदार आला, कागद आला, कोर्ट आले, आणि गाव वसवणारा आपल्याच गावात कूळ ठरला. शिवाय वेठबिगार डोक्यावर बसली. पुढे जंगल कायद्याने उरलेसुरले अरण्यही राखीव-संरक्षित म्हणून वेढले. सरदारांनी अर्ज केले, वकील केले, पैसे गोळा केले. मिशनऱ्यांच्या पाठिंब्याने जमीन परत मिळेल या आशेने अनेकांनी बाप्तिस्माही घेतला. बिरसाही चाईबाशाच्या मिशन शाळेत शिकला तो त्याच काळात. अर्ज वाया गेले. मग धानी मुंडा नावाचा एक म्हातारा, जुन्या बंडांच्या आठवणींवर जगणारा, गावोगाव भगवान शोधत हिंडू लागतो. धानी हे या कादंबरीतले सर्वांत लोभस पात्र आहे. त्याची श्रद्धा आंधळी नाही, उलट फार हिशेबी आहे. अर्जाने काही होत नाही हे त्याने पुरते पाहिले आहे. आता लोक ज्याच्या शब्दावर उठतील असा माणूस त्याला हवा आहे, आणि तो सापडेपर्यंत मरायची त्याची तयारी नाही.

१८९५ साली बिरसाला प्रथम अटक झाली आणि दोन वर्षे तो तुरुंगात होता. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री ‘उलगुलान’ सुरू झाले आणि जानेवारी १९०० मध्ये डोंबारीच्या डोंगरावर गोळ्या चालल्या. हा इतिहास कोणत्याही चरित्रात मिळतो. इतिहासकार कुमार सुरेश सिंह यांच्या संशोधनाचा लेखिकेने मोठा आधार घेतला आहे. तेव्हा घटनांसाठी कादंबरी वाचायची नाही. चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके फासावर गेले, ही तारीखही येथे सर्वांना पाठ आहे. तारीख पाठ असूनही त्यांच्या आईने त्या दिवशी काय खाल्ले, हे कोणी सांगू शकत नाही. महाश्वेता देवींचे काम तेथून सुरू होते.

आणखी एका पात्रावर लक्ष ठेवावे. अमूल्य हा बंगाली तरुण बिरसाचा शाळासोबती, आणि आता तुरुंगाच्या नोकरीत आहे. म्हणजे तो सरकारचे मीठ खातो, आणि ज्याच्या पेजेत मीठ नव्हते त्या मित्राच्या कोठडीबाहेर उभा आहे. आपल्यासारख्या, गावाबाहेरून येऊन गावाच्या लढ्यात उतरलेल्या मंडळींना कादंबरीत स्वतःची जागा शोधायची असेल, तर ती बिरसामध्ये शोधू नये; अमूल्यमध्ये शोधावी. तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे येथे सांगितले तर वाचकाचा अन्याय होईल.

दोषही सांगितले पाहिजेत. नावांची गर्दी फार आहे. पहिल्या पन्नास पानांत कोण कोणाचा कोण हे कळेनासे होते. काळ पुढे-मागे उड्या मारतो. काही ठिकाणी लेखिका पात्राला बाजूला सारून स्वतः बोलू लागते आणि तेच वाक्य वेगळ्या शब्दांत तीनदा म्हणते. चित्रणातले काळे फार काळे आहेत. एखादा दिकू, म्हणजे बाहेरचा माणूस, थोडा गुंतागुंतीचा असता तर लढाई अधिक खरी वाटली असती. पण नावांचा गोंधळ एकदा ओलांडला की पुस्तक वाचकाला ओढत नेते. ज्यांना सुरुवातीलाच कंटाळा येईल त्यांनी थडग्याच्या प्रकरणापर्यंत तरी जावे आणि मग ठरवावे.

दोन नावांतला फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. बंगाली नावाचा अर्थ अरण्याचा अधिकार. तो अरण्यावरचा माणसाचा अधिकार की खुद्द अरण्याचा अधिकार, हे लेखिकेने संदिग्ध ठेवले. आवाज ऐकू येण्याच्या प्रसंगानंतर ती संदिग्धता मुद्दामच वाटते. हिंदीने ‘दावेदार’ शब्द निवडला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला झाला. ग्रामसभा दावा दाखल करते, उपविभागीय समिती तो तपासते, जिल्हा समिती त्यावर निर्णय देते, आणि पुराव्याच्या रकान्यात निस्तारपत्रकापासून जुन्या माणसाच्या जबानीपर्यंत सारे जोडावे लागते. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो याच वाटेने. म्हणजे येथे अर्ज फळाला आला, जो सरदारांचा आला नव्हता. का आला, आणि शेजारच्या किती गावांचे दावे मात्र त्रुटी काढून परत आले, ही चर्चा अभ्यासवर्गात चालूच आहे. धानी म्हाताऱ्याला सोबत घेऊन ती केली तर अधिक रंगेल.

वाचण्याच्या रीतीविषयी एक सूचना. ही कादंबरी चार-पाच जणांनी मिळून, मोठ्याने वाचावी. घाटो, दिकू, उलगुलान हे शब्द कानावर पडले की लवकर आपले होतात. तुरुंगाचा पहिला भाग एका बैठकीत संपवावा. आणि बिरसा पहिल्याच पानांत गेला आहे, तेव्हा शेवटी आता काय उरले असणार, असे समजून कोणी मागची पाने आधी उघडू नयेत.