फ्रिज कोनाड्यात बसेल का?

लातूर-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फ्रिजची उष्णता बाहेर पडायला वाट हवीच. आताच्या बऱ्याच फ्रिजच्या गरम नळ्या बाजूच्या पत्र्यामागे असतात, म्हणून बाजूंनाही मोकळी जागा लागते.

समजा, कोनाडा ६५ सेंटीमीटर रुंद आणि फ्रिज ५५. दोन्हीकडे पाच-पाच उरले. पण टेप तळाशीही धरा; स्कर्टिंगची फरशी एकेक सेंटीमीटर खाते. मागे साधारण दहा सोडा, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

आता दार. बिजागरीकडची भिंत फ्रिजच्या पुढे आली असेल, तर दार काटकोनापर्यंतच उघडतं आणि भाजीचा ट्रे दारालाच अडकतो. दुकानातच ट्रे पूर्ण ओढून बघा, तेवढं दार उघडायला बाजूला किती जागा लागते ते मोजा.